अठरा हाती लुगडे : हात कोणाचा?

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या विभागाने जुन्या मराठी वेशभूषेवर एक लहानसे प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा आमच्यापैकी एकीच्या माहेरच्या लाकडी पेटीतून एक याद बाहेर आली. शके १८४६ मधल्या, म्हणजे इसवी सन १९२४-२५ च्या सुमारास झालेल्या एका लग्नातल्या कापडखरेदीची ती याद. आजीच्या थोरल्या दिरांनी ती बालबोध लिपीत लिहिलेली आहे आणि प्रत्येक नगापुढे लांबी व किंमत नोंदवलेली आहे : इरकली लुगडी अठरा हाती, वडीलधाऱ्या बायकांसाठी सोळा हाती, लहान नणंदेसाठी बारा हाती. प्रदर्शनासाठी यादीप्रमाणे नवी लुगडी विणून घ्यावीत, असे ठरले. विणकराला पत्र लिहायचे काम आमच्याकडे आले आणि पत्रात लांबी मीटरमध्ये लिहायची होती.

गुणाकार तर शाळकरी. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. त्याचे सेंटिमीटर करायचे, अठराने गुणायचे, की झाले. आम्ही टेपने आपापले हात मोजले. एकीचा ४२ सेंटिमीटर भरला, दुसरीचा ४१.५. माहेरच्या आणखी दोन बायकांचे हात मोजले, तेही ४१ ते ४३ च्या दरम्यान. लुगडे नेसणार बाई, तेव्हा माप बाईच्या हाताचे, हे आम्हांला इतके स्वाभाविक वाटले की त्यावर दुसरा विचारच केला नाही. १८ गुणिले ४२ म्हणजे ७५६. आम्ही पत्रात ७ मीटर ५६ सेंटिमीटर असे लिहून टाकले.

खरे सांगायचे तर या उत्तराने आम्ही मनातून सुखावलो होतो. मीटर सर्वांना सारखाच लागू होतो, हात मात्र ज्याचा त्याला. उंच बाईचा हात लांब, म्हणून तिचे अठरा हातही लांब आणि तिला कापडही तेवढेच जास्त लागणार. मापाची आणि देहाची अशी सांगड जुन्या लोकांनी घातली होती आणि मीटरने ती मोडली, असा एक लेखच आमच्या डोक्यात तयार झाला होता. तो लेख आम्ही लिहिला नाही. त्याऐवजी हा लिहितो आहोत.

पत्र पोचल्यावर चार दिवसांनी इरकलहून विणकरांचा दूरध्वनी आला. हे इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले इळकल. मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली लुगडी नेसली आणि गावाचे नाव कापडालाच दिले. विणकर साठीच्या पुढचे होते आणि कानडी वळणाचे, पण स्वच्छ मराठी बोलत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “बाई, ही मापं कोणाच्या हाताची?” आम्ही म्हणालो, आमच्याच. ते जरा थांबले आणि म्हणाले, “मग ताणा लावायच्या आधी परत एकदा बघा. नंतर माझ्या हातात काही राहत नाही.”

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ समजण्यासाठी इरकली लुगडे कसे विणले जाते हे ठाऊक असावे लागते. एरवी मागावर लांबलचक ताणा चढवला की त्यातून एकामागून एक साड्या विणून निघतात आणि मग त्या कापून वेगळ्या करतात. एखादी साडी हातभर लांब करायची म्हटले तर पुढचीतून तेवढे घेता येते. इरकलीत तसे करता येत नाही. तिच्या अंगाचा ताणा निराळा असतो आणि पदराचा ताणा निराळा. अंगाचा ताणा बहुधा सुती, पदराचा रेशमी. हे दोन ताणे एकमेकांत फासे घालून, धाग्याला धागा जोडून एक करतात. या जोडणीला तिथे ‘तोप तेणी’ म्हणतात. जोड जिथे पडते तिथून पदर सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक लुगड्याचा ताणा त्या एका लुगड्यापुरता मोजून तयार करावा लागतो आणि लांबीचा निर्णय पहिला धोटा फिरण्याआधी झालेला असतो. तिथले विणकर सहा, आठ किंवा नऊ वारांचेच ताणे लावतात, ते याच कारणाने. आमचे ७.५६ मीटर यांपैकी कशातच बसत नव्हते. विणकरांना खटकले ते हेच.

दूरध्वनी ठेवल्यावर आम्ही ग्रंथालयात गेलो. वाङ्मयाच्या माणसांना दुसरे ठिकाण कुठले!

हात हे एकच एक माप नव्हते, हे पुस्तकांनी पहिल्या तासाभरातच दाखवून दिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, मापांचा एक अध्याय आहे. तिथे नेहमीचा हात २४ अंगुळांचा आहे. पण कुरणांच्या मोजणीसाठी तो २८ अंगुळांचा होतो, दुर्ग आणि छावण्यांच्या कामात सुतारांचे माप ४२ अंगुळांवर जाते आणि जंगलाच्या मोजणीत हात चक्क ५४ अंगुळांचा धरला जातो. ५४ अंगुळांचा हात कोणत्याच माणसाला नसतो. म्हणजे त्या काळीच हात हा शब्द देहापासून सुटून कामाला जोडला गेला होता. अंगुळ म्हणजे काय, हेही तिथे सांगितले आहे : मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची रुंदी. यातला ‘पुरुष’ हा शब्द आम्ही त्या दिवशी वाचला आणि पुढे गेलो. तो तिथेच धरून ठेवला असता तर पुढचे आठ दिवस वाचले असते.

अमरकोशात आणखी एक भेद सापडतो. मूठ मिटून मोजलेला हात म्हणजे रत्नि आणि करंगळी पसरून मोजलेला तो अरत्नि. एकाच माणसाने एकाच दिवशी मोजले तरी मूठ मिटली की उघडी यावर माप बदलते. आमच्या स्वतःच्या हातांवर हा फरक आठ-नऊ सेंटिमीटरांचा भरला. अठरा हातांत तो दीड मीटरच्या घरात जातो.

मग आपल्याकडचा सभासद काढला. शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात व पाच मुठी लांबीची होती, हे त्याच्या बखरीमुळे शाळेतल्या पुस्तकांपर्यंत पोचले आहे. पण तो पुढे आणखी एक आकडा देतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही : हात चौदा तसूंचा धरायचा आणि काठी एकूण ब्याऐंशी तसूंची. पाच हातांचे सत्तर तसू झाले, उरलेले बारा पाच मुठींचे. आता याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे कोष्टक ठेवावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांसाठी तयार झालेल्या मापांच्या पुस्तकांत मुंबईचा हात सोळा तसूंचा आहे आणि गज चोवीस तसूंचा. इंग्रजी मापात तिथे हात १८ इंच आणि गज २७ इंच असा दिला आहे.

चौदा तसूंचा हात आणि सोळा तसूंचा हात. यावरून शिवकालातला हात मुंबईच्या हाताहून आठव्या हिश्श्याने आखूड होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण तसू दोन्हीकडे तेवढाच होता असे कोणी सांगितलेले नाही. कोष्टक फक्त नाते सांगते : किती तसूंचा हात, किती हातांचा गज. त्यातले एक तरी माप आजच्या मापाला कुठेतरी बांधलेले असल्याशिवाय बाकीची सगळी हवेत लोंबकळत राहतात. मुंबईच्या कोष्टकात इंच आहे, म्हणून ते कोष्टक आपल्या कामाचे.

या कोष्टकातून आणखी एक गोष्ट हाती लागली. ‘हात म्हणजे अर्धा गज’ असे पुष्कळजण सांगतात, आमच्या माहितीतल्या एका शिंप्यानेही तेच सांगितले. बंगालचा गज ३६ इंचांचा होता, त्याच्यापुरते ते बरोबर आहे. मुंबईचा गज मात्र २७ इंचांचा, म्हणजे दीड हाताचा. अठरा हात म्हणजे बंगालचे नऊ गज, पण मुंबईचे बारा. जुन्या कागदात ‘गज’ दिसला की तो कुठला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे लुगड्याचे नाव गजावरून पडले नाही, वारावरून पडले, हे आपले नशीब. वार म्हणजे ३६ इंच. त्यात १८ इंचांचे दोन हात नेमके बसतात. अठरा हाती म्हणजे नऊवारी, सोळा हाती म्हणजे आठवारी, बारा हाती म्हणजे सहावारी. विणकरांचे सहा, आठ आणि नऊ आमच्या यादीतल्या बारा, सोळा आणि अठराशी असे तंतोतंत जुळले, तेव्हा आमचा हात आम्हांला पहिल्यांदा संशयास्पद वाटू लागला.

पण कोष्टक मुंबईचे आणि ते व्यापाऱ्यांसाठी केलेले. आमची याद घाटावरच्या एका घरातली. तिच्यातला हात १८ इंचांचाच होता हे कशावरून? याचे उत्तर पुस्तकात नव्हते. ते त्याच पेटीत होते, यादीच्या खाली.

यादीतल्या लुगड्यांपैकी दोन अजून शिल्लक आहेत. एक अठरा हाती आणि एक सोळा हाती. दोन्ही वापरून, धुऊन मऊ झालेली, पण दोन्ही टोके शाबूत. आम्ही जमिनीवर स्वच्छ चादरी अंथरल्या, लुगडे न ओढता त्यांवर पसरले आणि तीन जागी मोजले : दोन्ही काठांलगत आणि मधोमध. काठाचा धागा निराळा असतो, तो धुण्यात अंगाइतकाच आटतो असे नाही. म्हणून एकाच जागी मोजून चालत नाही. अठरा हातीची तीन मापे दोन-तीन सेंटिमीटरांच्या फरकाने आली. मधले होते ७ मीटर ९८ सेंटिमीटर. सोळा हातीचे आले ७ मीटर १० सेंटिमीटर.

आता सावकाश विचार करू. सुती कापड धुतल्यावर आटते. ते काही हातभर वाढत नाही. म्हणजे आज जी लांबी आहे, तिच्यापेक्षा नव्या कापडाची लांबी कमी असणे शक्य नाही. ७९८ ला १८ ने भागले की ४४.३ येतात. याचा अर्थ, यादी लिहिणाऱ्याचा हात निदान ४४.३ सेंटिमीटरांचा होता. जास्त असेल, कमी नसेल. आमचा ४२ चा हात इथेच बाद झाला. त्या हिशेबाने नवे लुगडे ७.५६ मीटरचे असायला हवे होते आणि शंभर वर्षे वापरल्यावर ते बेचाळीस सेंटिमीटर वाढले असे म्हणावे लागले असते.

वरची मर्यादा इतकी पक्की नाही. हात १८ इंचांचा, म्हणजे ४५.७२ सेंटिमीटरांचा धरला तर नवे लुगडे ८.२३ मीटरचे होते आणि ते तीन टक्के आटले. सुती कापडाच्या बाबतीत हे अगदी पटण्यासारखे आहे. पण हात ४७ चा होता आणि कापड साडेपाच टक्के आटले, असेही कोणी म्हणू शकेल. नुसत्या एका कापडावरून त्याला खोडून काढता येणार नाही. सोळा हातीच्या मापाने इथे एक वेगळी मदत केली. ७१० भागिले १६ म्हणजे ४४.४. दोन्ही लुगड्यांतून जवळजवळ तोच हात निघतो. दोन नगांच्या लांबीचे प्रमाण सोळास अठरा हेच टिकून राहिले आहे, तेव्हा दोन्ही एकाच ठरलेल्या मापाने विणलेली आहेत. दोन निरनिराळ्या बायकांच्या हातांनी मोजलेली नाहीत. वडीलधाऱ्या बायकांची लुगडी आखूड होती ती त्यांचे हात आखूड म्हणून नव्हे. त्यांना हातच दोन कमी दिले होते.

एवढे झाल्यावर आम्हांला नेसणारीची साक्ष हवीशी वाटली. आमच्यापैकी एकीच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या आहेत आणि आजही रोज नऊवारीच नेसतात. आम्ही बाजारातून मांजरपाट आणला, अडीच हात पन्ह्याचा, म्हणजे साधारण १.१४ मीटर रुंद. त्यातून एक तुकडा ७.५६ मीटरचा कापला आणि एक ८.२३ चा. कुठला कोणता हे न सांगता दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी पहिला तुकडा नेसायला घेतला. कमरेला वेढा दिला, निऱ्या घातल्या, कासोटा मागे नेऊन खोचला आणि उरलेला पदर खांद्यावर टाकून पाहिला. मग म्हणाल्या, “हे अठरा हाती नाही गं. हे माझ्या आत्याचं सोळा हाती. नेसता येतं, पण पदर अंगभर घ्यायचा तर निऱ्यांतून काढावा लागतो.” आम्ही नंतर हिशेब केला. ७.५६ मीटर म्हणजे १८ इंची हाताने साडेसोळा हात. त्यांनी डोळ्यांनी आणि कमरेने अर्ध्या हाताइतके अचूक सांगितले होते. दुसरा तुकडा नेसल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर नेहमीसारखा डोक्यावरून पुढे घेऊन खुर्चीत बसल्या.

आम्ही विचारले, “आई, तुम्ही स्वतःच्या हाताने कधी लुगडं मोजलं होतं का?” त्या हसल्या. “मोजायचो की. दुकानातून आलं की बायका मोजायच्याच. अठरा हाती माझ्या हाताने साडेएकोणीसच्या वर भरायचं. सासूबाई म्हणायच्या, भरतं ते बरंच आहे, दुकानदाराला सांगू नकोस.”

या एका वाक्यात आमचे आठ दिवसांचे काम उरकले. ८.२३ मीटर भागिले ४२ सेंटिमीटर म्हणजे १९.६. घरातल्या बायकांना ठाऊक होते की लुगड्याचा हात म्हणजे आपला हात नव्हे. त्याला त्या ‘दुकानाचा हात’ म्हणत. मग तो होता कोणाचा? ४५-४६ सेंटिमीटर हा प्रौढ पुरुषाचा हात असतो. आमच्या विभागातल्या तीन पुरुष सहकाऱ्यांचे हात आम्ही मोजले, ते ४५ आणि ४७ च्या मध्ये आले. कौटिल्याने ज्याच्या पेरावरून अंगुळ काढले तो मध्यम पुरुष इथे पुन्हा भेटतो. विणणारा पुरुष, विकणारा पुरुष, याद लिहिणारे थोरले दीर हेही पुरुष. लुगडे ही निव्वळ बायकांची वस्तू. पण तिची लांबी सांगणाऱ्या शब्दात बाईचा हात कधी नव्हताच. इंग्रजी मापाने त्या पुरुषी हाताला फक्त १८ इंचांवर खिळवले. मीटरने बाईचे माप हिरावून घेतले असे जे आम्ही लिहिणार होतो, ते त्यामुळे लिहिता आले नाही. जे तिच्याकडे नव्हतेच, ते कोण हिरावून घेणार?

एक मात्र खरे की तिच्याकडे दुसरे माप होते. कापड नेसून, पदर कुठवर येतो आणि निऱ्या किती पडतात यावरून लांबी ओळखायचे. ते माप कोणत्याही कोष्टकात नाही, पण आमची चूक आधी त्यानेच पकडली असती, आम्ही आधी विचारले असते तर.

आता मागणीपत्राकडे वळू. अशा प्रसंगातून जाणाऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही अखेर काय लिहिले ते सांगतो. यार्डाची लांबी १९५९ साली इंग्रजीभाषक देशांनी नेमकी ०.९१४४ मीटर अशी ठरवली. तिचा अर्धा, ०.४५७२ मीटर, म्हणजे आपला हात. अठरा हातांचे ८.२३ मीटर, सोळा हातांचे ७.३२ आणि बारा हातांचे ५.४९. शेवटचा आकडा ओळखीचा वाटेल : आज बाजारात साडीची लांबी साडेपाच मीटर सांगतात ती हीच. बंगालीत ज्या साडीला बारा हाती म्हणत आले, तीही हीच.

गुणाकार करताना हाताचे माप आधी गोल करू नये. हात ०.४६ धरला तर अठरा हातांत पाच सेंटिमीटर वाढतात, ०.४५ धरला तर तेरा सेंटिमीटर कमी होतात. चूक हातागणिक साचत जाते. गोल करायचेच तर शेवटचा आकडा करावा. याहून मोठी चूक म्हणजे नऊ वारांचे नऊ मीटर करणे. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यात पाऊण मीटरहून जास्त कापड वाढते आणि इरकलीत तर पदराची जोडच भलत्या ठिकाणी जाते.

लांबी कोणत्या अवस्थेतली, हेही लिहावे लागते. जुन्या व्यवहारात अठरा हात म्हणजे मागावरून उतरलेल्या, अजून न धुतलेल्या कापडाचे. म्हणून आम्ही ‘मागावरून उतरल्यावर ८.२३’ असे लिहिले. धुतल्यावर ८.२३ हवे असते तर तीन टक्के आटण्याचा हिशेब धरून ८.४८ च्या आसपास मागावे लागले असते. जुन्या लुगड्याचे आजचे ७.९८ लिहिले असते, तर नवे कापड पहिल्याच धुण्यात पावणेआठ मीटरवर आले असते. विणण्यात ताणा जो आखडतो आणि मागावर जो शेवट वाया जातो, त्याची जास्तीची लांबी मात्र विणकर स्वतः धरतो. ती आपण पुन्हा मिळवू नये. पदर या लांबीत धरलेला असतो, दशा धरलेल्या नसतात. आणि जुन्या लुगड्याला पोलक्याचे कापड जोडलेले नसे, खण वेगळा घेत. तेव्हा ‘ब्लाऊजपीस नको’ हे स्पष्ट लिहावे, नाहीतर हल्लीच्या सवयीने तो येतो आणि लांबीचा घोळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरे पत्र गेल्यावर विणकरांचा पुन्हा दूरध्वनी आला. “आता बरोबर आहे. हे नऊवारीच झालं की,” ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “हे आधी नऊवारीच लिहिलं असतंत तर?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. यादीत अठरा हाती होते, म्हणून आम्ही हाताच्या मागे लागलो.

भारतात मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत वार दुकानांतून गेला. २००९ च्या वैधमापन कायद्यानेही मीटरच कायम ठेवला. तरी नऊवारी हा शब्द राहिला. आज तो लांबीपेक्षा नेसण्याची पद्धत सांगतो. काष्टा शिवून तयार मिळणाऱ्या साडीलाही नऊवारीच म्हणतात. तिच्यात नऊ वार आहेत की नाहीत, हे कोणी मोजत नाही. अठरा हातीचेही पूर्वी असेच झाले असावे. यादी लिहिणाऱ्या दिरांनी तो शब्द लिहिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा हात कापडाला लावून पाहिला असेल, असे आता आम्हांला वाटत नाही.

लुगडी आली तेव्हा आम्ही ती जमिनीवर पसरून मोजली. ८ मीटर २४. मग सासूबाईंनी ती स्वतःच्या हाताने मोजली, कोपर ते बोट, कोपर ते बोट, सावकाश. वीस हातांना थोडे कमी भरले. त्यांनी मान डोलावली आणि घडी घातली.